गुणनोंदवहीतला न लागणारा आकडा

आमच्या शाळेतली सातवीची जुनी हस्तलिखित गुणनोंदवही एक्सेलमध्ये टाइप करायचं काम माझ्याकडे आलंय. ५२ मुलं, सहा विषय. काही पानांना ओल लागलीय, काही ठिकाणी खाडाखोड आहे, आणि एक-नऊ तर कळतच नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "बेरजेवरून बघून टाकून द्या, रिकामं काही ठेवू नका." असं करावं का? न लागणाऱ्या आकड्याचं नेमकं काय करतात?

बेरजेवरून आकडा जरूर काढा. फक्त तो गुणांच्या रकान्यात लिहू नका, शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहा. गुणांच्या रकान्यात जायचं ते डोळ्यांनी वाचलेलंच. जे वाचता आलं नाही तिथे आकड्याऐवजी खूण जाईल.

मी माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून बरीच वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात मीही अंदाजाने भरलं आहे. एका मुलाचा लेखी गुण ३१ वाटला, ३१ टाकून मोकळा झालो. पुढे त्याचे वडील घरचं प्रगतिपत्रक घेऊन आले, त्यावर ३९ होते. चूक दुरुस्त झाली, त्यात दहा मिनिटं गेली. पण वडिलांनी विचारलं, "असे अजून किती आहेत?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पत्रकात सगळे आकडे सारखेच दिसत होते. वाचलेला कुठला आणि मनाने घातलेला कुठला, हे मलाही आठवेना. शेवटी सगळी नोंदवही पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहावी लागली.

आता तुमच्या नोंदवहीकडे येऊ. २०१० नंतरच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळातली असेल असं धरतो, कारण बहुतेक शाळांत सातवीच्या वह्या तशाच सापडतात. सातवीला प्रत्येक विषयात आकारिक ४० आणि संकलित ६०. त्या ६० मध्ये तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० आणि लेखी ५०. म्हणजे एका मुलाचे एका विषयात तीन आकडे, मग एकूण, मग श्रेणी. ५२ मुलं, सहा विषय, तीन घटक मिळून ९३६ आकडे होतात. शिवाय ३१२ एकूण आणि तितक्याच श्रेणी. या एकूण आणि श्रेणीच आपल्या कामाच्या साक्षीदार आहेत. पण त्या साक्षीदारांत खोट कुठे असते ते आधी माहीत हवं, त्यावर पुढे येतो.

टाइप करायला बसण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. फ्लॅश नको. खिडकीशी, उजेड एका बाजूने तिरका येईल असं पान धरा. शाई पुसली गेली असली तरी बॉलपेनचा दाब कागदावर राहतो आणि तिरक्या उजेडात ती खाच दिसते. ओल लागलेल्या पानांवर निम्मे आकडे मी असेच लावले आहेत. मूळ वहीवर मात्र काही गिरवायचं नाही, पेन्सिलने शेजारी बारीक टिंबसुद्धा नको. एकदा गिरवलेला आकडा पुढच्या माणसाला गिरवणाऱ्याचा दिसतो, लिहिणाऱ्याचा नाही.

मुलांची नावं नोंदवहीवरून लावत बसू नका. नावाला जनरल रजिस्टर हाच आधार. हजेरी क्रमांकावरून आणि रजिस्टर नंबरावरून तिथून उचला. एकाच नावाची दोन मुलं वर्गात असतील तर हा खटाटोप लगेच कामी येतो.

टाइप करायचं ते विषयवार, मुलाप्रमाणे नाही. लोक साधारण एका मुलाची आडवी ओळ पूर्ण करून पुढच्या मुलाकडे जातात. त्यात दर तीन आकड्यांनी अक्षर बदलतं, कारण विज्ञानाचे गुण एका शिक्षकाने भरलेले, हिंदीचे दुसऱ्याने. विषयवार गेलात तर एकाच हाताचे दीडशे आकडे सलग डोळ्यांखालून जातात आणि पंचविसाव्या मुलापर्यंत त्या शिक्षकाचा नऊ ओळखीचा होतो. ओळ चुकू नये म्हणून पानावर पट्टी ठेवा आणि दर वेळी हजेरी क्रमांक मनात म्हणा. मधलं एखादं मूल शाळा सोडून गेलेलं असतं, त्याची ओळ लाल शाईने मारलेली असते, आणि तिथून पुढे सगळे गुण एका घराने वर सरकतात. ही चूक बेरजेत सापडत नाही, कारण तिन्ही आकडे मिळून सरकलेले असतात. म्हणून दर दहाव्या मुलाशी थांबून नाव आणि क्रमांक जुळतात का पाहायचं.

एक-नऊचं म्हणाल तर त्यात दोन वेगळ्या भानगडी असतात. पहिली निव्वळ अक्षराची: घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, २ आणि ३ सुद्धा. दुसरी जास्त फसवी आहे, ती लिपीची. इंग्रजीचे शिक्षक इंग्रजी आकडे लिहितात, मराठीचे देवनागरी, आणि गणिताचे कधी हे कधी ते. मग देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी 8 सारखा. वर थोडा उघडा राहिलेला 8 असेल तर तो ४ की 8, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही. त्या ओळीतले बाकीचे आकडे कुठल्या लिपीत आहेत, ते आधी पाहावं लागतं. ५ आणि ७ आले की लिपी कळते, कारण त्यांच्यात गोंधळ होत नाही. ०, २ आणि ३ वरून मात्र काही कळत नाही, ते दोन्हीकडे जवळपास सारखेच.

प्रत्येक शिक्षकाच्या हाताचा मी एक नमुना-कागद करतो. ज्या ओळीत तिन्ही घटक स्वच्छ आहेत आणि त्यांची बेरीज लिहिलेल्या एकूणशी जुळते, फक्त त्याच ओळींतले १, ९, ४, ८ फोटोतून कापून शेजारी शेजारी लावायचे. ज्याबद्दल शंका आहे तो आकडा नमुन्यात घ्यायचा नाही, नाहीतर आपलाच अंदाज आपल्याला पुरावा म्हणून परत मिळतो. एका वहीतल्या विज्ञानाच्या शिक्षकांचा १ एका फटक्यात खाली उतरायचा आणि ९ ला ते शेवटी हटकून आकडी काढायचे. हे कळलं आणि त्या रकान्यातल्या निम्म्या शंका मिटल्या. अशा रीतीने लागलेला आकडा हा वाचलेलाच आकडा. तो गुणांच्या रकान्यात जातो, त्याला खूण लागत नाही.

उरलेल्यांसाठी बेरीज. इथे तीन ओळी सविस्तर सांगतो, कारण सगळा विषय त्यातच आहे.

पहिली ओळ, हजेरी क्रमांक १७, विज्ञान. आकारिक २८, तोंडी ७, लेखी मात्र ३१ किंवा ३९. दुसरा अंक ओलीने फुटला आहे, पण तो १ किंवा ९ शिवाय दुसरं काही असू शकत नाही एवढं दिसतं. एकूण स्वच्छ ७४, श्रेणी ब-१. २८ आणि ७ मिळून ३५, त्यात ३१ घातले तर ६६, ३९ घातले तर ७४. म्हणजे ३९. हा निष्कर्ष भक्कम आहे, पण त्याचं कारण नीट समजून घ्या. तो भक्कम आहे ते बेरजेने ३९ सांगितलं म्हणून नाही. शाईने आधी दोनच पर्याय ठेवले होते, आणि शाईशी काही संबंध नसलेल्या बेरजेने त्या दोनांतलाच एक उचलला, म्हणून. बेरजेतून ३४ आले असते तर मी काहीच ठरवलं नसतं.

आता श्रेणी. ब-१ म्हणजे ७१ ते ८०, ब-२ म्हणजे ६१ ते ७०. ७४ ला ब-१ बरोबर आहे. नवखा माणूस म्हणेल, बेरीज एक आणि श्रेणी दोन, असे दोन पुरावे झाले. तसं नाही. श्रेणी शिक्षकाने त्या एकूणावरूनच लावली आहे. एकूण चुकलं तर श्रेणीही त्याच्यामागे चुकणार.

हे दुसऱ्या ओळीत दिसेल. हजेरी क्रमांक ४१, हिंदी. आकारिक २६, तोंडी ८, लेखी ३३, सगळं स्वच्छ. बेरीज होते ६७. वहीत एकूण लिहिलंय ७६ आणि श्रेणी ब-१. फरक ९ चा. फरक ९ किंवा ९ च्या पटीत आला की पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीचा घ्यायचा, इथे ६७ चे ७६ झालेत हे उघड आहे. मुलाला ब-२ ऐवजी ब-१ मिळाली. कदाचित प्रगतिपत्रकावरही तेच गेलं असेल.

आता समजा, याच ओळीतला लेखीचा ३३ ओलीने पुसला गेला असता. तुम्ही ७६ मधून ३४ वजा केले असते आणि ४२ आले असते. ४२ हे ५० च्या आत आहे, एकूण जुळतं, श्रेणी जुळते. कुठूनही शंका आली नसती आणि पत्रकात अगदी शांतपणे नऊ गुण जास्त गेले असते. "बेरजेवरून टाकून द्या" या सूचनेतला धोका तो हाच आहे. बेरीज मुलाच्या उत्तरपत्रिकेतून आलेली नसते, निकालाच्या गर्दीत एका थकलेल्या माणसाने ती केलेली असते. (मी हे दोष द्यायला म्हणत नाही. पन्नास मुलांचे सहा विषय दोन दिवसांत भरून पाहा.)

म्हणून मी काढलेल्या आकड्यांत दोन प्रकार मानतो. शाईने पर्याय मर्यादित केले आणि बेरजेने त्यातला एक निवडला, तर "काढलेला, पर्यायांशी जुळतो". आकडा पूर्ण पुसलेला आणि निव्वळ वजाबाकीतून आला, तर "केवळ बेरजेवरून". शेरा असा शब्दांत लिहितो. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला दुसरा स्वतंत्र साक्षीदार मिळेपर्यंत निकालात वापरत नाही.

स्वतंत्र साक्षीदार कुठे मिळतो? काही शिक्षक रकान्याखाली उभी बेरीज लिहितात, वर्गाची सरासरी काढण्यासाठी. ती आडव्या बेरजेपासून निराळी केलेली असते, म्हणून तिचं मोल मोठं. क्रमांक १७ च्याच बाबतीत विज्ञान-लेखीच्या रकान्याखाली १४८९ लिहिलेलं होतं. बाकीच्या ५१ मुलांच्या स्वच्छ आकड्यांची बेरीज १४५०. राहिले ३९. आता आडवी आणि उभी, दोन वेगवेगळ्या हिशेबांनी तेच सांगितलं. अर्थात हे त्या रकान्यात एकच आकडा न लागलेला असेल तरच. दोन असतील तर उभ्या बेरजेतून त्या दोघांची मिळून बेरीज कळते, वाटणी कळत नाही. आडव्या ओळीलाही हाच नियम: एका विषयात त्या मुलाचे दोन घटक पुसलेले असतील तर एका एकूणातून दोन्ही काढता येत नाहीत. तिथे गणित करत बसू नये.

तिसरी ओळ, हजेरी क्रमांक २९, गणित. आकारिक २२, तोंडी ६, लेखी १४ किंवा १८. हे गणिताचे शिक्षक दोन्ही लिप्या मिसळणारे, आणि वर उघडा राहिलेला तो अंक नमुना-कागदावर लावूनही सुटला नाही. एकूण ४२ वर ४६ गिरवलेलं की ४६ वर ४२, हेही कळत नव्हतं. श्रेणी क-२, ती ४१ ते ५० ला. १४ धरले तर ४२, १८ धरले तर ४६, दोन्ही क-२ मध्येच. म्हणजे श्रेणी खरी असूनही इथे काहीच सांगत नाही. उभी बेरीज त्या पानावर नव्हती. हा आकडा लागला नाही. इथे थांबायचं.

अशा जागी हात आपोआप वरच्या आकड्याकडे जातो हे मी स्वतःवरून सांगतो. मुलाचं नुकसान नको, असं मन म्हणतं. ३३ च्या आसपास तर हमखास, कारण त्याच्या खाली ड वरून इ-१ ला जातं. एखाद्या पत्रकात ३१ आणि ३२ जवळजवळ नाहीत आणि ३३, ३४ ची मात्र रांग लागली आहे, असं दिसलं तर टाइप करणाऱ्याचा किंवा मूळ लिहिणाऱ्याचा दयाळू हात तिथे फिरला का, हे एकदा मूळ पानावर पाहावं.

आता पत्रकाची मांडणी. एका विषयाला एक पान ठेवा. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C आकारिक, D तोंडी, E लेखी, F नोंदवहीत लिहिलेली एकूण, G नोंदवहीत लिहिलेली श्रेणी. F आणि G जशीच्या तशी टाइप करायची, चुकलेली दिसली तरी. क्रमांक ४१ च्या ओळीत ७६ आणि ब-१ च जाईल. तुमची बेरीज H मध्ये सूत्राने होईल, फरक I मध्ये दिसेल, J मध्ये काढलेला गुण आणि K मध्ये शेरा. काढलेल्या गुणाला एकच रकाना पुरतो, कारण वर म्हटलं तसं एका ओळीत दोन आकडे गेले असतील तर काढायला काही उरतच नाही.

आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. देवनागरी अंक टाकले की ते संगणक मजकूर म्हणून घेतो आणि बेरजेत धरत नाही. ओळखायची खूण सोपी: संख्या रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. आणि ७/१० असं तोंडीचे गुण लिहिलेले असतील तर 7 एवढंच टाका. 7/10 टाकलंत तर त्याची तारीख होऊन बसते.

न लागलेल्या जागी मी "न" लिहितो. परीक्षेला गैरहजर असा मुळातच शेरा असेल तर "गै". मूळ वहीत घरच कोरं असेल तर "को". या तीन गोष्टी कधीही एक करायच्या नाहीत, आणि शून्य तर यांपैकी एकाही जागी नको. कोरं घर म्हणजे गैरहजर असं समजायची सवय फार पसरलेली आहे. मी पाहिलेल्या कोऱ्या घरांत काही मुलं परीक्षेला हजर होती, त्यांचे गुण भरायचे राहून गेले होते.

"3?" किंवा "३१/३९" असं काही गुणांच्या रकान्यात लिहू नका. ते मजकूर ठरतं, साधी `SUM` ते गुपचूप सोडून देते आणि ३५ अशी बेरीज दाखवते. मुलाला लेखीत जणू शून्य. म्हणून H मधलं सूत्र असं हवं की तिन्ही आकडे असल्याशिवाय ते बेरीजच देणार नाही:

```
=IF(COUNT(C20:E20)=3, SUM(C20:E20), "अपूर्ण")
```

आणि I मध्ये:

```
=IF(COUNT(C20:F20)<4, "तपासले नाही", SUM(C20:E20)-F20)
```

इथे 0 आला की ओळ जुळली. क्रमांक ४१ ला -9 दिसेल. एखाद्या ओळीत फरक आला की आधी स्वतःचं टाइपिंग पाहायचं, मग फोटो, आणि दोन्ही बरोबर असतील तर "मूळ बेरीज चुकलेली" असा शेरा K मध्ये लिहायचा. फरक मिटावा म्हणून एखादा घटक ओढूनताणून बदलायचा नाही.

सरासरीतही हीच गोम आहे. `AVERAGE` मजकूर असलेली घरं सोडून भागाकार करते, तेव्हा निघालेली सरासरी ५२ मुलांची नसते. खाली स्पष्ट लिहा: "५२ पैकी ५१ मुलांची सरासरी".

लेखीच्या रकान्याला ० ते ५० ची मर्यादा `Data Validation` मधून लावा, पण ती अडवणारी नको, इशारा देणारी ठेवा. मूळ वहीत ५० पैकी ५४ लिहिलेलं सापडतं, खरंच सापडतं. तेव्हा पत्रकाने आपल्याला अडवलं तर आपण कंटाळून ४५ टाकतो. ५४ च टाका आणि शेऱ्यात नोंद करा.

शंका नुसत्या पिवळ्या रंगाने दाखवू नका. रंग छापताना काळ्या-पांढऱ्यात जातो, सीएसव्ही करून दुसऱ्या प्रणालीत चढवला की पूर्ण जातो, घराला लावलेली टिप्पणीही तशीच जाते. रंग डोळ्यांच्या सोयीसाठी लावा, पण खूण शब्दांत K मध्ये असलीच पाहिजे.

याखेरीज एक वेगळं "शंका" नावाचं पान करतो. त्यात प्रत्येक शंकेला एक ओळ: वहीचं पान, हजेरी क्रमांक, विषय, घटक, काय दिसतं, कुठल्या शक्यता, कशावरून ठरवलं, आणि सध्याची स्थिती. क्रमांक १७ ची ओळ अशी झाली होती: "पान ६, क्र. १७, विज्ञान, लेखी, पहिला अंक ३ स्वच्छ, दुसरा ओलीने फुटलेला, ३१ किंवा ३९, एकूण ७४ आणि रकान्याची बेरीज १४८९ यांवरून ३९, काढलेला." क्रमांक २९ ची: "पान ९, क्र. २९, गणित, लेखी, १४ किंवा १८, एकूणावर गिरवलेलं, श्रेणी दोन्हींना क-२, लागला नाही." काय दिसतं हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "अस्पष्ट" एवढंच लिहिलंत तर पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कुठला अंक पक्का आणि कुठला नाही, हे सांगितलं की त्याचं निम्मं काम होतं.

ताडून पाहायला दुसरा माणूस घ्या. एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पत्रकावर बोट ठेवायचं. उलट करू नका. पत्रकातून वाचलं तर वही पाहणाऱ्याच्या कानावर आधी आकडा पडतो आणि मग त्याला फुटक्या शाईतही तोच दिसतो. वेळ असेल तर शंकेच्या जागा दुसऱ्याला स्वतंत्र वाचायला द्या, तुमचं वाचन न सांगता. दोघांचं वेगळं आलं तर तो आकडा लागलेला नाही, तुमची कितीही खात्री असली तरी.

मग विषयशिक्षक. त्यांच्याकडे स्वतःची टाचणवही किंवा गुणांची कच्ची वही अनेकदा असते. विचारताना "सर, हे एकोणचाळीसच ना?" असं विचारलं की सर "हो" म्हणतात आणि चहा मागवतात. त्याऐवजी क्रमांक आणि घटक सांगून "तुमच्या कच्च्या वहीत काय आहे?" असं विचारा. वहीत पाहून सांगितलं तर शेऱ्यात "विषयशिक्षकांच्या कच्च्या वहीवरून" आणि तारीख. नुसतं आठवून सांगितलं तर तसंच लिहा, "आठवणीवरून". तीन वर्षांपूर्वीचा एका मुलाचा लेखी गुण कुणाला आठवत नसतो, पण शिक्षकाला तोंडावर तसं म्हणायची गरज नाही, शेरा पुरे. पालकांकडचं प्रगतिपत्रक हाही एक आधार. फक्त त्यावर बहुधा एकूण किंवा श्रेणीच असते, आणि ती याच वहीतून गेलेली असते. तेव्हा ते वहीतली एकूण पुसलेली असेल तर उपयोगी, घटक लावायला फारसं नाही.

फोटो दाखवताना त्या घरापुरता कापून दाखवा. पूर्ण पान शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, त्यावर ५२ मुलांची नावं आणि गुण असतात.

ज्या वहीची उदाहरणं देतोय, तिच्यात ९३६ पैकी पहिल्या फेरीत ३४ आकडे शंकेचे निघाले. नमुना-कागदाने १५ लागले. पर्याय आणि बेरीज जुळून ११ निघाले. कच्च्या वह्यांतून ५ मिळाले. ३ राहिले, त्यात क्रमांक २९ चा एक. चौतीस ऐकून घाबरला असाल तर पहिल्या फेरीत "न" सढळ हाताने टाका असंच मी सांगेन. खूण काढणं दोन मिनिटांचं काम आहे. चुकून न टाकलेली खूण मात्र पुन्हा शोधता येत नाही.

राहिला मुख्याध्यापकांचा प्रश्न. त्यांचंही चुकत नाही, त्यांना वर पाठवायला पूर्ण पत्रक हवं आहे. त्यांना नकार देऊ नका, निर्णय त्यांच्या हातात द्या. शंकेच्या पानावर शेवटी दोन रकाने वाढवा: "ठरवलेला गुण" आणि "ठरवणाऱ्याची सही व दिनांक". मग पान छापून घेऊन जा आणि सांगा, "सर, ९३६ पैकी तीनच लागत नाहीत. या तीन जागी काय धरायचं ते आपण ठरवा, मी तसं टाकते." शाळेचा प्रमुख म्हणून एखादा गुण निश्चित करायचा अधिकार त्यांना आहे, टाइप करणाऱ्याला नाही. त्यांनी १८ ठरवले तर १८ वापरा, पण E मध्ये "न" तसंच राहील आणि K मध्ये "मुख्याध्यापकांनी निश्चित केलेला" असं जाईल. क्रमांक ४१ च्या चुकलेल्या एकूणाचंही असंच. ६७ करायचे की दिलेलं प्रगतिपत्रक कायम ठेवायचं, हा त्यांचा निर्णय, आपण फक्त फरक समोर ठेवायचा.

पत्रकाच्या पहिल्या पानावर वर चार ओळी लिहा. मी साधारण असं लिहितो: "हे पत्रक मूळ हस्तलिखित नोंदवहीवरून अमुक तारखेस टाइप केले. एकूण ९३६ नोंदींपैकी ९१७ मूळ वहीतून वाचल्या, ११ बेरजेच्या आधारे काढल्या, ५ विषयशिक्षकांच्या कच्च्या वहीवरून घेतल्या, ३ लागल्या नाहीत. ११, ५ आणि ३ नोंदींचा तपशील 'शंका' या पानावर आहे. मूळ एकूणांतील फरक दुरुस्त केलेले नाहीत." हे आकडे हाताने न मोजता शंकेच्या पानावरूनच मोजून घ्या, नाहीतर तिथेच बेरीज चुकते.

माझ्या त्या वहीत मुख्याध्यापकांनी तीनपैकी दोन आकडे ठरवून सही केली. क्रमांक २९ च्या समोर मात्र त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि लिहिलं, "मलाही लागत नाही. श्रेणी क-२ कायम. गुण रिक्त ठेवावा."